खरी हवा १८०, पडद्यावर १७०

दुधाची पावडर स्प्रे ड्रायरमध्ये तयार होते. आटवलेल्या दुधाचे बारीक तुषार एका उंच कोठीत उडवतात आणि त्याच वेळी तिथे तापलेली हवा सोडतात. तुषार खाली येईपर्यंत त्यातले पाणी उडून जाते आणि तळाशी पावडर जमते. आत सोडलेली हवा बहुधा १८० ते २०० अंश सेल्सिअसची असते, बाहेर पडताना ती नव्वदच्या आसपास येते. हवा कमी तापली तर पावडर ओलसर राहते, जास्त तापली तर पावडरीत तपकिरी, जळके कण दिसू लागतात. म्हणून ड्रायरकडे जाणाऱ्या हवेच्या पाइपवर तापमापक असतो आणि कंट्रोल रूममधल्या माणसाचे डोळे त्याच्या आकड्यावर असतात.

समजा, त्या पडद्यावर १७० दिसते आहे आणि पाइपमधली हवा प्रत्यक्षात १८० अंशांची आहे. दहा अंशांची चूक. साहजिकच आधी संशय येतो तो सेन्सरवर. इन्स्ट्रुमेंट विभागाचा माणूस सेन्सर काढून नेतो आणि प्रयोगशाळेत गरम तेलाच्या टाकीत खोल बुडवून तपासतो. तिथे तो अर्ध्या अंशाच्या आत बरोबर निघतो. प्रमाणपत्र मिळते, सेन्सर परत जागेवर बसतो आणि पडद्यावर पुन्हा १७० उमटतात. सेन्सर खोटे बोलतच नसतो. त्याच्या टोकाशी खरोखरच १७० अंश असतात. चूक ज्या नळीत तो बसला आहे त्या नळीची आहे, आणि ती नळी प्रयोगशाळेत कधी गेलेलीच नसते.

या नळीला कारखान्यात थर्मोवेल म्हणतात. एका टोकाला बंद असलेली धातूची नळी पाइपच्या भिंतीतून आत खुपसलेली असते. तिचे बंद टोक वायूच्या प्रवाहात आणि उघडे टोक बाहेर असते. सेन्सर या नळीत उतरवतात. सोय अशी, की पाइप चालू असतानाही सेन्सर बदलता येतो, आणि वायूचा दाब, धूळ किंवा आम्ल थेट सेन्सरला लागत नाही. मात्र सेन्सर वायूचे तापमान मोजत नाही, तो नळीच्या टोकाचे तापमान मोजतो. ही दोन्ही तापमाने एकच आहेत असे आपण गृहीत धरलेले असते.

ती एक का नसतात? आमटीत बुडवून ठेवलेली स्टीलची पळी दांड्याकडे हळूहळू तापत जाते, कारण धातूतून उष्णता गार बाजूकडे वाहते. थर्मोवेलही तेच करते. पाइपची भिंत आतल्या हवेपेक्षा गार असते आणि नळीचे मूळ त्याच भिंतीत रुतलेले असते. हवेकडून नळीच्या पृष्ठभागावर उष्णता येते आणि नळीच्या धातूतून ती सतत मुळाकडे, म्हणजे भिंतीकडे, निसटते. टोकाला जेवढी उष्णता मिळते त्यातली थोडी मुळाकडे ओढली जाते, म्हणून टोक हवेपेक्षा गार राहते. गरम वायूच्या पाइपमध्ये ही चूक नेहमी एकाच दिशेची असते, वाचन कमीच येते. पाण्यात किंवा तेलात ही ओढ फारशी जाणवत नाही, कारण द्रव पदार्थ नळीला उष्णता भराभर देतात. वायू त्या बाबतीत हात आखडून देतो, आणि म्हणून हा त्रास मुख्यतः हवा, धूर आणि इतर वायूंच्या पाइपमध्ये होतो.

धातूच्या दांड्यातून उष्णता किती लांब जाते हा प्रश्न जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस यान इंगेनहाऊस याने वेगवेगळ्या धातूंच्या तारांवर मेण लावून त्यांची एक बाजू तापवली आणि कोणत्या तारेवरचे मेण किती दूरपर्यंत वितळते ते पाहिले. १८०४ मध्ये बियो याने एका टोकाला तापवलेल्या दांड्याचे गणित मांडण्याचा प्रयत्न केला. ते पुरते सुटले फूरियेच्या हाती, आणि त्याचा उष्णतेवरचा ग्रंथ १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला. थर्मोवेल म्हणजे त्याच दांड्याची उलटी बाजू. इथे दांडा मुळाशी गार आहे आणि बाकी सारा अंग गरम हवेत आहे. मुळाचा गारवा दांड्यावर किती आतपर्यंत पोचतो, एवढेच आपल्याला हवे आहे.

तो किती पोचतो हे एका लांबीवर ठरते. तिला आपण गारव्याची पोच म्हणू. धातूतून उष्णता जितकी सहज वाहते आणि नळीची भिंत जितकी जाड, तितकी ही पोच मोठी. हवा नळीला जितक्या जोमाने उष्णता देते, तितकी ती लहान. सूत्रात ती अशी येते:

```
d = sqrt( k*A / (h*P) )
Tg - Tt = (Tg - Tw) / cosh(L/d)
```

यात `d` ही पोच आणि `L` ही आत शिरलेल्या नळीची लांबी. `k` म्हणजे धातूची उष्णता वाहण्याची क्षमता, `A` हा नळीच्या धातूचा छेद आणि `P` हा तिचा बाहेरचा परिघ. `h` हा हवा आणि नळी यांच्यातल्या देवाणघेवाणीचा आकडा. `Tg` हवेचे, `Tt` टोकाचे आणि `Tw` मुळाशी असलेल्या भिंतीचे तापमान. `cosh` हे बटण शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर असते. नळीची लांबी पोचेच्या दुप्पट असेल तर हवा आणि भिंत यांच्यातल्या फरकाचे सुमारे २७ टक्के चूक म्हणून टोकाशी उरतात, तिप्पट असेल तर १० टक्के, चौपट असेल तर पावणेचार, आणि पाचपट असेल तर सव्वा टक्का. हे चार आकडे लक्षात असले की बरेचसे काम तोंडीच होते.

आता आपला ड्रायरचा पाइप घेऊ. पाइप ४०० मिलिमीटर व्यासाचा आणि आतल्या हवेचा वेग सेकंदाला १२ मीटर. थर्मोवेल साध्या कार्बन स्टीलची, बाहेरून १२ मिलिमीटर, आतून ९, आणि पाइपच्या आत फक्त ६० मिलिमीटर शिरलेली. पाइपला मुळात रॉकवूलचे लॅगिंग होते, पण कधीतरी दुरुस्तीसाठी थर्मोवेलभोवतीचे दोनेक मीटर काढले आणि ते परत लागलेच नाही. असे उघडे तुकडे बहुतेक कारखान्यांत सापडतात, आणि ते नेमके सेन्सरांच्या आसपासच असतात, कारण उघडझाप तिथेच होते.

पहिला आकडा भिंतीचा. उघड्या पाइपच्या भिंतीला आतून हवा तापवते आणि बाहेरून शेडमधली हवा गार करते. या वेगाला आतली देवाणघेवाण बाहेरच्यापेक्षा साधारण दुप्पट जोमाची असते, त्यामुळे बाहेर ३० अंश असतील तर भिंत १३० च्या आसपास स्थिरावते. हे गणिताने काढण्यापेक्षा स्पर्शाचे थर्मोकपल भिंतीला टेकवून मोजावे, पाच मिनिटांत होते आणि त्यात वाद उरत नाही.

दुसरा आकडा `h`. बारीक नळीवर आडवी वाहणारी हवा किती उष्णता देते, याची सूत्रे प्रयोगांतून बसवलेली आहेत. वेग, व्यास आणि त्या तापमानाला हवेचे गुणधर्म घातले की आपल्या नळीसाठी दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे ९५ वॅट मिळतात. नळीच्या धातूचा छेद भागिले बाहेरचा परिघ हे गुणोत्तर १.३ मिलिमीटर येते. कार्बन स्टीलचा `k` साधारण ५०. हे सारे सूत्रात घातले की पोच येते २६ मिलिमीटर.

म्हणजे ६० मिलिमीटरची नळी पोचेच्या २.३ पट आहे. `cosh` चे उत्तर जवळजवळ ५. हवा १८०, भिंत १३०, फरक ५० अंश, त्याचा पाचवा हिस्सा दहा अंश. पडद्यावर १७०. सेन्सरला दोष देण्यासारखे यात काही नाही.

प्रत्यक्षात हिशेब उलटा करावा लागतो, कारण हवेचे खरे तापमान आपल्याला माहीत नसते. माहीत असते ते वाचन आणि भिंतीचे तापमान. तेही अवघड नाही. वाचन आणि भिंत यांतला फरक ४० अंश आहे. तो हवा-भिंत फरकाचा चार पंचमांश आहे, म्हणून पूर्ण फरक ५०, आणि हवा १३० अधिक ५०.

या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? `h` ची सूत्रे वीसेक टक्के इकडेतिकडे होऊ शकतात. पाइप वळल्यावर लगेच थर्मोवेल बसवलेली असेल तर तिथला वेग सरासरीपेक्षा वेगळा असतो, तो धोका आणखी वेगळा. `h` वीस टक्क्यांनी वाढवून पाहिला तर चूक आठ अंश येते, वीस टक्क्यांनी घटवला तर तेरा. म्हणजे हा अंदाज आहे, आणि त्याला अंदाजच म्हणावे. पण चूक अर्ध्या अंशाची आहे की दहा अंशांची, हे तो निःसंशय सांगतो, आणि कारखान्यात प्रश्न तेवढाच असतो.

नुकसान कुठे होते तेही पाहू. कंट्रोल रूममध्ये १८० राखायचे ठरले असेल तर पडद्यावर १७० दिसताच वाफेचा व्हॉल्व्ह आणखी उघडतो. पडद्यावर १८० येतील तेव्हा हवा खरी १९० च्या थोडी वर असेल. पावडरीची आर्द्रता मात्र ठीकच राहू शकते, कारण ती बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानावरून, दुधाचा पुरवठा कमीजास्त करून सांभाळतात. त्यामुळे तक्रार आर्द्रतेची येत नाही, जळक्या कणांची येते, आणि शोध भलतीकडे सुरू होतो. एक खूण कागदावरही दिसते. आत येताना १७० आणि बाहेर जाताना ९० असे धरले तर हवेने ८० अंशांची उष्णता दिली. प्रत्यक्षात तिने ९० अंशांची दिलेली असते. म्हणून दुधातून उडालेल्या पाण्याचा हिशेब मांडला की ड्रायरने हवेतल्या उष्णतेपेक्षा जास्त पाणी उडवल्यासारखे दिसू शकते. यंत्र आपल्या क्षमतेपेक्षा चांगले चालताना दिसले की आनंद मानण्याआधी तापमापक पाहावा, असे मला वाटते.

जागेवरच पडताळायचा एक सोपा उपाय आहे. पाइपचा उघडा भाग आणि थर्मोवेलचे बाहेर आलेले डोके यांना ग्लासवूल गुंडाळून अर्धा-एक तास थांबायचे, बाकी काहीही हलवायचे नाही, व्हॉल्व्हसुद्धा हाताने तसाच धरून ठेवायचा. वाचन चढू लागले तर उष्णता मुळाकडून निसटत होती हे सिद्ध झाले. दुसरी खूण पंख्याच्या वेगाची. हवेचा वेग निम्मा झाला की `h` ९५ वरून ६२ वर येतो, पोच वाढून ३३ मिलिमीटरच्या आसपास जाते आणि भिंत आधीइतकीच गरम राहिली असे धरले तरी चूक पंधरा अंशांवर पोचते. म्हणजे वाफेच्या हीटरमधून निघणारी हवा तितकीच गरम असतानाही पंखा हळू केल्यावर वाचन घसरते. सेन्सर बिघडलेला असता तर त्याला पंख्याशी काही देणेघेणे नसते.

दुरुस्तीत पहिला मान लॅगिंगचा. पन्नास मिलिमीटर रॉकवूल परत लावले की भिंत १७५ च्या आसपास येते. हवा-भिंत फरक ५० वरून ५ वर आला, चूक दहावरून एकावर. थर्मोवेल तीच, सेन्सर तोच. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि बहुधा सर्वांत शेवटी सुचतो. लॅगिंग करताना थर्मोवेलची बाहेरची मानही झाकावी, नाहीतर ती पंख्याच्या पात्यासारखी उष्णता बाहेर टाकत राहते.

दुसरा उपाय धातूचा. स्टेनलेस स्टील उष्णता वाहण्यात साध्या स्टीलच्या एक तृतीयांशच आहे, `k` सुमारे १७. पोच १५ मिलिमीटर होते, तीच ६० मिलिमीटरची नळी आता पोचेच्या जवळजवळ चौपट होते आणि चूक दोन अंशांवर येते, तीही लॅगिंग नसताना. पितळ किंवा तांबे उष्णता उत्तम वाहतात म्हणून ती चांगली, असा समज इथे उलटा पडतो. टोकाशी पोचलेली उष्णता सेन्सरला मिळावी यासाठी नळीत थोडे तेल किंवा उष्णता वाहणारी पेस्ट घालतात, ते ठीकच. पण नळीचा धातू स्वतः जितका मंद वाहक, तितके वाचन हवेच्या जवळ.

तिसरा उपाय लांबी. कार्बन स्टीलची नळी दुप्पट, म्हणजे १२० मिलिमीटर केली की चूक एका अंशावर येते. निम्मी लांबी वाढवल्यावर निम्मी चूक असा हा व्यवहार नाही, पोचेएवढी लांबी वाढली की चूक साधारण पावणेतीन पटींनी घटते. अरुंद पाइपमध्ये एवढी लांबी सरळ मावत नाही. अशा वेळी थर्मोवेल एल्बोमध्ये, येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करून, पाइपच्या मध्यरेषेवर बसवतात.

मग सरळ लांब आणि पातळ नळी का वापरू नये? कारण वाहणारा वायू किंवा द्रव नळीच्या मागे आळीपाळीने भोवरे सोडतो आणि प्रत्येक भोवरा तिला थोडा धक्का देतो. आपल्या १२ मिलिमीटरच्या नळीला १२ मीटर वेगाला सेकंदाला सुमारे २०० धक्के बसतात. १२० मिलिमीटरची नळी स्वतःच्या तालात सेकंदाला सातशेच्या आसपास कंप पावेल, म्हणून इथे चिंता नाही. पण लांबी आणखी दुप्पट केली तर तो ताल चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे धक्क्यांच्या तालाजवळ उतरतो. जपानमधल्या मोंजू अणुभट्टीत ८ डिसेंबर १९९५ रोजी दुय्यम सोडियमच्या पाइपमधली एक थर्मोवेल अशाच प्रवाहाच्या कंपनांनी थकून तुटली. तिच्या जागेतून शेकडो किलो तापलेले सोडियम बाहेर आले आणि आग लागली. त्या नळीचा जाड भाग जिथे एकदम बारीक होत होता, तिथेच ती तुटली. लांबी वाढवण्याआधी कंपनाचे गणित मांडलेच पाहिजे.

एक गोष्ट वरच्या हिशेबात मी बाजूला ठेवली होती, ती म्हणजे प्रारण. गरम नळी गार भिंतीकडे उष्णता किरणांनीही फेकते, त्यासाठी धातूतून वहन लागत नाही. नळी गंजून काळी पडली असेल तर या तापमानाला ही देवाणघेवाण `h` मध्ये मोजली तर १४ च्या घरात जाते. ९५ पुढे ती छोटी वाटते, पण भिंत ५० अंशांनी गार असताना ती एकटीच टोक सहाएक अंशांनी खाली ओढते. वहन आणि प्रारण दोन्ही धरले तर आपल्या उघड्या पाइपवर वाचन १७० सुद्धा नसेल, १६६ च्या जवळ असेल. चकचकीत स्टेनलेसच्या नळीत प्रारणाचा वाटा दोन अंशांच्या आत राहतो. भट्टीच्या धुरात, सहाशे-सातशे अंशांना, हा वाटा वहनाच्या कितीतरी पुढे जातो, आणि तिथे नळी लांब करून काहीच साधत नाही. नळीभोवती पातळ पत्र्याचा आडोसा बसवावा लागतो, म्हणजे तिला गार भिंत दिसणारच नाही.

दूध पावडरीच्या पाइपला एवढे करायची गरज नाही. तिथे रॉकवूल परत लागले की भिंत आणि हवा यांच्यात पाच अंश उरतात, आणि वहन व प्रारण दोन्ही त्याच पाच अंशांवर चालतात. काही ठिकाणी चूक समजल्यावर वूल गुंडाळण्याऐवजी पडद्यावरच्या आकड्यात सरळ दहा मिळवतात. ते दहा फक्त त्या दिवशीच्या हवेच्या वेगाला आणि शेडमधल्या वाऱ्याला खरे होते. ड्रायर सुरू करताना पंखा हळू असतो तेव्हा तिथे पंधरा लागतात, आणि उद्या कोणी भल्या हेतूने लॅगिंग लावले तर पडद्यावर खऱ्यापेक्षा नऊ अंश जास्त दिसतील.